‘हलकटा’ आणि ‘हलकट आहेस तू’: मित्रांच्या शिव्यांचा अनुवाद

प्रश्न: ऑस्ट्रेलियातल्या एका कथेचा अनुवाद करते आहे. मेंढ्यांची लोकर कातरणारे दोन म्हातारे मित्र खूप वर्षांनी भेटतात आणि पहिलाच दुसऱ्याला म्हणतो, ‘यू यूसलेस ओल्ड बास्टर्ड’. मी ‘अरे निरुपयोगी म्हाताऱ्या हरामखोरा’ असे केले. संपादक म्हणतात, हे तर वैरी वाटतात. पुढे पैशावरून त्यांचे खरे भांडण होते, तिथेही तोच शब्द आहे. शिवी सौम्य करू, गाळू की तशीच ठेवू?

उत्तर:

आपल्या संपादकांचा कान बरोबर आहे, पण दोष शिवीच्या तीव्रतेत नाही. हेच वाक्य सौम्य करून ‘अरे निरुपयोगी म्हाताऱ्या दुष्टा’ असे केले, तरी ते दोघे वैरीच वाटतील. फक्त पौराणिक नाटकातले वैरी वाटतील. मी नागपुरात वीसेक वर्षे इंग्रजी कथा आणि एकांकिका मराठीत आणतो आहे. माझा अनुभव असा की, मराठीत शिवीतला स्नेह नामात क्वचितच असतो. तो हाकेत असतो, क्रियापदात असतो, ‘रे’सारख्या शेपटीत असतो आणि मुख्य म्हणजे समोरचा काय उत्तर देतो त्यात असतो. त्यामुळे शब्दाला शब्द शोधण्याआधी, ही शिवी त्या जागी कोणते काम करते आहे, हे पाहावे लागते.

आपल्या पहिल्या प्रसंगात ती स्वागताचे काम करते. बरीच वर्षे न भेटलेला माणूस दारात उभा आहे. डोळे भरून आले आहेत हे कबूल करणे त्या पिढीतल्या, त्या कामातल्या पुरुषांना जमणारे नाही. म्हणून तो शिवी घालतो. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९८३ साली या व्यवहाराचे तत्त्व फार नेमके मांडले होते. समोरच्याशी आपली जवळीक दाखवायची असेल, तर माणूस त्याच्याविषयी असे काही बोलतो, जे उघडच असभ्य असते आणि उघडच खोटेही असते. यातला दुसरा भाग अनुवादकाने कधी विसरू नये. मित्राची शिवी खोटी असावी लागते आणि ती खोटी आहे हे दोघांनाही, शिवाय वाचकालाही, दिसावे लागते.

आता आपला ‘हरामखोर’ या कसोटीवर घासून पाहू. ‘बास्टर्ड’चा कोशातला अर्थ अनौरस, पण ऑस्ट्रेलियन बोलण्यात, विशेषतः पुरुषांच्या आपसातल्या बोलण्यात, तो अर्थ जवळजवळ झिजून गेला आहे. मराठीतला ‘हरामखोर’ मात्र तसा झिजलेला नाही. हराम म्हणजे निषिद्ध आणि खोर म्हणजे खाणारा. त्यामुळे आपल्या कानाला त्यात फुकटचे खाणारा, खाल्ल्या मिठाला न जागणारा माणूस ऐकू येतो. आपल्या कथेत पुढे पैशावरून भांडण आहे. म्हणजे पहिल्याच पानावर ‘हरामखोरा’ म्हटले की, तो आरोप खोटा उरत नाही. वाचक मनात नोंद करतो की, यांचा काहीतरी जुना हिशेब थकलेला दिसतो. लेखकाने जी गाठ पुढे सोडवायची म्हणून राखून ठेवली आहे, ती अनुवादाने दारातच सोडवली. संपादकांना ‘वैरी’ वाटले ते बहुधा यामुळे.

‘ओल्ड’ हा शब्द तर इथे वयाचा नाहीच. ऑस्ट्रेलियन बोलण्यात ‘बास्टर्ड’च्या आधी कोणते विशेषण येते, यावरून बोलणाऱ्याचा भाव बहुतेक वेळा कळतो. ‘ओल्ड’ लागले की आपुलकी. ‘पुअर’ लागले की कीव, म्हणजे आपला ‘बिचारा’. ‘लकी’ लागले की हेवा, म्हणजे ‘लेकाचा नशीब काढून आलाय’. कोणतेही विशेषण न लावता नुसते ‘यू बास्टर्ड’ आले तर मात्र थांबून पुढचे-मागचे वाचावे, कारण ते कौतुकही असू शकते आणि घावही. माणूस समोर नसताना त्याचा उल्लेख ‘दॅट बास्टर्ड’ असा झाला असेल, तर तिथे बहुधा स्नेह नसतो. तेव्हा ‘म्हाताऱ्या’ काढून टाकण्यात आपण काहीही गाळत नाही. ‘ओल्ड’ने जे काम केले ते मराठीत दुसरीकडून करून घ्यायचे, इतकेच.

राहिला ‘निरुपयोगी’. हा कार्यालयीन कागदावरचा शब्द आहे. निरुपयोगी साहित्याचा लिलाव होतो. मित्राला कोणी निरुपयोगी म्हणत नाही. मित्राला ‘नालायक’ म्हणतात, आणि गंमत अशी की ‘नालायका, होतास कुठे इतकी वर्षं?’ या वाक्यात जितका ओलावा आहे, तितका ‘मित्रा, होतास कुठे?’ यात नाही.

इथे मला ज्या मुद्द्यावर जरा रेंगाळायचे आहे तो येतो, कारण नवे अनुवादक बहुधा याच ठिकाणी घसरतात. ‘गाढवा’ आणि ‘तू गाढव आहेस’ यांत शब्द एकच आहे, पण पहिली हाक आहे आणि दुसरा निवाडा. संबोधनाचे रूप माणसाला जवळ बोलावते. ‘आहेस’ लागले की तो माणसाविषयीचा निष्कर्ष होतो आणि मग ‘मी गाढव का नाही’ याचे उत्तर देण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. इंग्रजीतले ‘यू इडियट’ ही हाक आहे. तिचे ‘तू मूर्ख आहेस’ केले की, हसत मारलेली टपली न्यायालयाच्या निकालासारखी ऐकू येते. तिसराही एक साचा आपल्याकडे आहे, ‘गाढव कुठला!’, ‘लबाड कुठली!’, ‘वेडा कुठला!’. हा ‘कुठला’ विलक्षण उपयोगी आहे. तो बहुतेक वेळा शिवीतला आरोप काढून घेतो आणि फक्त लाड ठेवतो. इंग्रजीत ‘यू आर सच ॲन इडियट’ असे प्रेमाने म्हटलेले असेल, तर मी हाच साचा आधी करून पाहतो. मात्र तो बोलणाऱ्याला जरासा वडीलधारा करतो. तुमच्या दोन म्हाताऱ्यांच्या तोंडी तो शोभणार नाही.

हाकेतही लिंग, वय आणि नाते यांचे हिशेब आहेत. ‘लेका’, ‘लेकाच्या’, ‘गड्या’ हे पुरुषाने पुरुषाला म्हणायचे. आजीने नातवाला ‘मेल्या’ किंवा ‘मुडद्या’ म्हटले, तर शब्दशः ती त्याला प्रेत म्हणते आहे आणि प्रत्यक्षात जेवायला बोलावते आहे. ज्या समाजाने जगावे म्हणून मुलांची नावे दगडू आणि धोंडू ठेवली, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पण हाच ‘मेल्या’ दोन ऑस्ट्रेलियन मजुरांच्या तोंडी घातला, तर ते दोघे लुगडे नेसून ओसरीवर बसल्यासारखे वाटतील.

नागपूरकरांसाठी ‘बे’चा स्वतंत्र उल्लेख करतो, कारण मी त्यात एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. आमच्याकडे ‘का बे’, ‘काय बे’ हे बरोबरीच्या मित्रांमधले इतके साधे बोलणे आहे की, ते काढून घेतले तर बोलणे थंड वाटते. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर ‘काय बे, मेला नाही का अजून?’ असे कोणी विचारले, तर त्याचा अर्थ ‘बरा आहेस ना?’ एवढाच असतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका हौशी मंडळासाठी मी एका इंग्रजी एकांकिकेचा अनुवाद केला होता. दोन जिवलग मित्रांची ती गोष्ट होती आणि मी त्यांच्या बोलण्यात ‘बे’ सढळ हाताने पेरला होता. नागपुरात पहिल्या वाक्यापासून हशा मिळाला. तोच प्रयोग पुण्याला गेला तेव्हा पहिली दहा मिनिटे प्रेक्षागृह शांत होते, आणि नंतर एका गृहस्थांनी अतिशय सौजन्याने मला विचारले, ‘त्या दोघांचं वैर नेमकं कशावरून असतं?’ चूक प्रेक्षकांची नव्हती. ‘बे’ची सवय नसलेल्या कानाला तो दमदाटीचा वाटतो. तेव्हापासून मी ‘बे’ फक्त इथल्या रंगमंचासाठी आणि इथल्याच पात्रांसाठी वापरतो. ‘पोट्टा’, ‘बयताड’ हे शब्दही तसेच. छापील पुस्तक महाराष्ट्रभर जाणार असेल, तर ‘रे’ आणि ‘लेका’ यांवर भागवतो. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळी मुलखातला माणूस ‘का बे’ म्हणाला की, तो नागपूरच्या इतवारीत राहायला येतो आणि वाचकाचे लक्ष कथेवरून उडते.

आता आपला प्रसंग प्रत्यक्ष करून पाहू. कथा मी वाचलेली नाही, त्यामुळे पुढचे उत्तर मी गृहीत धरतो. समजा पहिला म्हणतो, ‘यू यूसलेस ओल्ड बास्टर्ड’, आणि दुसरा त्यावर म्हणतो की, तू मात्र पूर्वीसारखाच कुरूप दिसतोस. ही दोन वाक्ये मी कधीही वेगवेगळी अनुवादित करत नाही. थट्टा ही दोघांनी मिळून वाजवायची गोष्ट आहे. परतफेड झाली म्हणजे पहिल्याचा हेतू दुसऱ्याला कळला, हे वाचकालाही कळते. मूळ संहितेतही स्नेह ओळखायची सर्वांत भरवशाची खूण हीच आहे. समोरच्याने तशीच शिवी परत केली तर थट्टा. तो गप्प झाला किंवा स्वतःची बाजू मांडू लागला, तर शिवी लागली आहे असे समजावे.

माझा पहिला खर्डा असा होईल:

‘आलास एकदाचा, नालायका! मला वाटलं, वाटेतच खपलास.’
‘तुझं थोबाड पुन्हा बघायचं नशिबात होतं ना रे.’

‘वाटेतच खपलास’ मुळात नाही. ते मी आणले, कारण ‘ओल्ड’ काढल्यामुळे आपुलकीची जी जागा रिकामी झाली, ती मराठीत ‘तुझी काळजी वाटत होती’ याच्या उलट्या रूपाने भरता येते. आपल्या संपादकांना मुळाबाहेर जाणे चालत नसेल, तर ‘आलास एकदाचा, नालायका!’ एवढ्यावरही काम भागेल. ‘एकदाचा’ या शब्दात वाट पाहणे आहेच. दुसऱ्या वाक्यात ‘चेहरा’ नको, ‘थोबाड’च हवे, कारण उत्तराची पातळी प्रश्नाइतकीच खाली असली पाहिजे. एकाने शिवी दिली आणि दुसरा प्रमाण मराठीत बोलला, तर दुसरा नाराज आहे असे वाटते.

हे वाक्य नुसते प्रश्नार्थी करूनही बघता येते, पण इथे खरी अडचण वेगळी आहे आणि ती आपण प्रश्नाच्या शेवटी लिहिलीच आहे: भांडणात तोच शब्द पुन्हा येतो. तेव्हा कथेत तो शब्द किती वेळा आला आहे, हे आधी मोजा. मी वहीत प्रत्येक जागेसाठी एक ओळ करतो. कोण कोणाला म्हणाला, तिसरे कोण ऐकत होते, समोरच्याने काय केले, आणि शेवटी वजन, शून्यापासून तीनपर्यंत. स्वागताची जागा शून्यावर येईल, भांडणाची तीनवर. हे आधी केले नाही, तर पहिल्याच भेटीत सर्वांत जड शब्द खर्च होतो आणि भांडणाच्या वेळी हातात काही उरत नाही. आपल्या खर्ड्यात नेमके तेच झाले आहे: पैशाच्या भांडणात ‘हरामखोर’ अगदी चपखल बसला असता, कारण तिथे आरोप मिठाला न जागण्याचाच आहे.

मग भांडणात ‘हरामखोर आहेस तू’ लिहून मोकळे व्हावे का? लेखकाने तोच शब्द मुद्दाम परत आणला नसेल, तर अवश्य व्हावे. त्या माणसांच्या बोलण्यात हा शब्द मिठासारखा सगळीकडे असेल, म्हणजे हवामानालाही, कुत्र्यालाही आणि गाडीच्या इंजिनालाही लागत असेल, तर एका शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द ठेवण्याचा हट्ट निरर्थक आहे. पण कथेत तो दोनच ठिकाणी येत असेल, आणि वाचकाला भांडणात त्या पहिल्या भेटीची आठवण व्हावी असा लेखकाचा डाव दिसत असेल, तर दोन वेगळे शब्द वापरून आपण कथेचा कणाच मोडतो. अशा वेळी दोन्ही वजने पेलणारा शब्द शोधावा लागतो.

असा शब्द कसा शोधायचा, हे मला क्रिकेटमधल्या एका किश्शाने शिकवले. १९३२-३३ च्या ‘बॉडीलाइन’ मालिकेत इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन ऑस्ट्रेलियन संघाच्या खोलीशी तक्रार घेऊन गेला की, तुमच्यापैकी कोणीतरी ‘बास्टर्ड’ अशी शिवी दिली. तेव्हा व्हिक रिचर्डसनने आपल्या सहकाऱ्यांकडे वळून विचारले की, तुम्हा बास्टर्डांपैकी कोण या बास्टर्डला बास्टर्ड म्हणाला? किस्सा निरनिराळ्या तपशिलांनी सांगितला जातो, पण विनोद प्रत्येक वेळी तोच आहे. एका वाक्यात एक शब्द तीनदा येतो. पहिल्यांदा तो स्नेहाचा असतो, दुसऱ्यांदा तिरस्काराचा आणि तिसऱ्यांदा नुसता तक्रारीतला पुरावा. मी आधी ‘तुम्हा लेकाच्यांपैकी कोण या हरामखोराला...’ असे केले. अर्थ अचूक आला आणि विनोद मेला. मग लक्षात आले की, इथे प्रत्येक जागेला योग्य शब्द नको आहे, तिन्ही जागांना पुरणारा एकच हवा आहे. ‘कोण रे हलकटांनो, या हलकटाला हलकट म्हणालं?’ हे वाक्य मला अजून बदलावेसे वाटलेले नाही. ‘हलकट’ मैत्रिणी एकमेकींना हसत म्हणतात, आणि कोर्टात जाण्याइतके भांडण झालेली माणसेही तोच शब्द वापरतात.

तेव्हा पुनरुक्ती हेतुपूर्वक असेल, तर माझी निवड अशी राहील. भेटीत: ‘आलास का रे हलकटा, एकदाचा!’ भांडणात: ‘हलकट आहेस तू.’ शब्द एकच राहिला, पण पहिल्यात तो हाक आहे, ‘रे’ आहे, ‘एकदाचा’ आहे. दुसऱ्यात निवाडा आहे आणि शेपटी कापलेली आहे. उद्गारचिन्हसुद्धा मी दुसऱ्यात ठेवणार नाही. ‘यूसलेस’ या वाटेने गेल्यास सुटतो, ते मी खुशाल सोडीन. हवाच असेल तर पुढच्या एखाद्या वाक्यात ‘कामाचा नाहीस कधी’ असा परत आणता येईल. भांडणाच्या पुढच्या वाक्यांतही एक पथ्य पाळावे. आपल्याकडे दोन मित्र खरोखर बिनसले की शिव्या वाढत नाहीत, उलट थांबतात. ‘अरे लेका’ म्हणणारा माणूस पूर्ण नाव घेतो, किंवा एकदम ‘बसा साहेब, तुमचं बरोबर आहे’ म्हणतो, आणि त्या ‘तुम्ही’ने जेवढे लागते तेवढे कोणत्याही शिवीने लागत नाही. इंग्रजीत ‘यू’ बदलत नाही; मराठीत हे हत्यार आपल्याला जादा मिळालेले आहे. मात्र ते संपूर्ण कथेत एकदाच काढावे.

काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतात. नाटकात किंवा डबिंगमध्ये आवाज आणि हसू मदतीला असते, त्यामुळे शब्द थोडा जड चालतो; छापील पानावर चेहरा नसतो, म्हणून तिथे ‘रे’ आणि परतफेडीचे वाक्य यांना जास्त राबवावे लागते. किशोरांसाठीचे पुस्तक असेल, तर ‘हलकट’ऐवजी ‘लबाड’ किंवा ‘चोर’ घेता येईल, फक्त भांडणात ते अपुरे पडेल. जातीवरून, शरीराच्या व्यंगावरून किंवा आईवरून येणारे शब्द मात्र मी थट्टेच्या अनुवादात आणत नाही, ते मराठी मित्रमंडळींत हसत वापरले जात असले तरी. मूळ इंग्रजी शब्दात जी जखम नाही, ती मराठीत उघडी करण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. आणि मूळ लेखकाने थट्टेच्या आडून खरोखरच बोचकारले असेल, तर ते बोचकारणे पुसूही नये. सगळ्याच शिव्या प्रेमळ करून टाकणे हीसुद्धा चूकच आहे.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. कथा न वाचलेल्या दोघांना ती दोनच वाक्ये मोठ्याने वाचून दाखवतो आणि विचारतो, ‘हे कोण कोणाचे?’ त्यातला एक विदर्भातला आणि एक पश्चिम महाराष्ट्रातला असेल, असे पाहतो. पुण्याच्या त्या गृहस्थांनी लावलेली शिस्त आहे ती. उत्तर ‘मित्र’ असे लगेच आले तर वाक्य ठेवतो. ‘भाऊ-भाऊ?’ असे आले तरी ठेवतो. कोणी आधी ‘काय झालं त्यांचं?’ असे विचारले, तर पुन्हा लिहितो.

एक शेवटची जागा पाहून घ्या. भांडणानंतर ते दोघे पुन्हा भेटत असतील आणि लेखकाने तिथे परत ‘ओल्ड बास्टर्ड’ घातले असेल, तर भांडण मिटल्याचे सांगणारे तेवढे एकच चिन्ह कथेत असण्याची शक्यता आहे. तिथे नवा, अधिक गोड शब्द शोधू नका. पहिल्या पानावर जी हाक लिहिली होती तीच, ‘रे’सकट, अक्षरशः उचलून ठेवा.